रिमोट डेस्कटॉप अडकतो, अक्षरं पुसट दिसतात: नेमकं कुठे बघायचं?

मागच्या काही भागांनंतर सगळ्यात जास्त विचारणा ज्या विषयाची झाली तो आज घेतोय. घरून किंवा गावाहून ऑफिसच्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने काम करायचं, आणि नेट असं की कधी आहे, कधी नाही. टाइप केलेलं अक्षर अर्ध्या सेकंदाने उमटतं, माऊस उड्या मारतो, आणि कोड वाचायला जावं तर अक्षरं पुसट. मी विंडोजच्या आरडीपीबद्दल बोलणार आहे, म्हणजे आपलं ते `mstsc`. बाकी साधनांचा उल्लेख जिथे फरक पडतो तिथेच करेन.

एक गोष्ट आधी वेगळी करू. अडकणं आणि पुसट दिसणं हे दोन निरनिराळे आजार आहेत. लोक दोन्हीसाठी एकच औषध घेतात, ‘जास्त एमबीपीएसचा प्लॅन’. तो बऱ्याचदा दोन्हींवर चालत नाही.

माझा एक मित्र चिपळूणला असतो, ऑफिसचं मशीन पुण्यात. त्याचा स्पीड टेस्ट डाउनलोड ३० एमबीपीएस दाखवायचा आणि तरी टायपिंग अडकायचं. कारण टायपिंगला स्पीड लागतच नाही हो. एक कळ दाबली की काही बाइट जातात, आणि परत येतो तो पडद्याचा बदललेला छोटा तुकडा. महत्त्वाचं काय, तर ती फेरी पूर्ण व्हायला लागणारा वेळ, आणि तो दर वेळी सारखाच आहे का, हे. फेरी कायम ८० मिलिसेकंदांची असेल तर हाताला सवय होते. एकदा ४०, एकदा ४००, असं झालं की डोकं फिरतं.

म्हणून आम्ही सेटिंगला हात लावण्याआधी मोजलं. दोन खिडक्या उघडायच्या. एकीत घरच्या राउटरला पिंग, दुसरीत व्हीपीएन चालू ठेवून ऑफिसच्या मशीनला:

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 office-pc
```

पत्ता आणि नाव अर्थातच तुमचं टाका. ऑफिसचं मशीन पिंगला उत्तरच देत नसेल, तर व्हीपीएनच्या पलीकडचा दुसरा कुठलातरी पत्ता घ्या. आता वाचायचं कसं? राउटरची वेळ २-३ मिलिसेकंद हवी. मित्राकडे ती मधूनच १५० ला उडी घ्यायची. म्हणजे गडबड घरातच, वायफायवर, इंटरनेट कंपनीचा त्यात दोष नाही. लॅपटॉप दोन खोल्या पलीकडे, २.४ गिगाहर्ट्झवर, शेजाऱ्यांचे चार राउटर त्याच पट्ट्यात. लॅनची केबल जोडली आणि त्या उड्या गेल्या. केबल शक्य नसेल तर निदान त्याच खोलीत बसून ५ गिगाहर्ट्झ वापरा.

केबल जोडल्यावर राउटरचं पिंग सरळ झालं, ऑफिसचं पिंग साधारण ४५ वर बसलं. पण दुपारी पुन्हा तेच, पिंग थेट ६००-७०० वर. हे जरा समजून घ्या, कारण खूप घरांत हेच होतं. त्याच्या लाइनचा अपलोड होता जेमतेम १ एमबीपीएस. घरातला कुणाचातरी मोबाइल फोटोंचा बॅकअप सुरू करायचा. राउटर जाणारा डेटा रांगेत ठेवतो. समजा रांगेत १२८ किलोबाइट साठले. १२८ गुणिले ८, म्हणजे साधारण १ हजार किलोबिट. १ एमबीपीएसने ते बाहेर जायला एक अख्खा सेकंद! तुमची दाबलेली कळ त्या रांगेच्या शेवटी उभी. याला बफरब्लोट म्हणतात. ओळखायची खूण सोपी: कुणी काही अपलोड करत नसताना पिंग बघा, मग मुद्दाम एखादी मोठी फाइल ड्राइव्हवर चढवत बघा. पिंग दसपट झालं तर हेच आहे.

उपाय दोन. बॅकअप रात्रीवर टाका, किंवा ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये अपलोडला मर्यादा घाला. राउटरमध्ये एसक्यूएमची सोय असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर लावा, म्हणजे रांग साठतच नाही. कंपनीने दिलेल्या फुकटच्या राउटरमध्ये ही सोय सहसा नसते, हेही सांगून ठेवतो.

आता पॅकेट हरवण्याकडे येऊ. १०० पैकी ३ पिंग हरवली तर ‘तीनच तर टक्के’ असं वाटतं. पण टीसीपीचा नियम असा की मधलं एक पॅकेट हरवलं तर मागून आलेली सगळी थांबतात, हरवलेलं पुन्हा येईपर्यंत. पडदा गोठतो आणि मग एकदम चार ओळी उमटतात. हे ओळखीचं वाटत असेल. त्यात कंपनीचा व्हीपीएनसुद्धा टीसीपीवर असेल तर टीसीपीच्या पोटात टीसीपी. एक पॅकेट हरवलं की दोघेही आपापल्या परीने ते पुन्हा पाठवायला धावतात, आणि आधीच अडलेल्या लाइनवर आणखी ओझं.

आरडीपी ८ पासून, म्हणजे विंडोज ८ च्या काळापासून, आरडीपीला यूडीपीवरही चालता येतं, त्याच ३३८९ पोर्टवर. तुमचं चालतंय का हे बघायला सेशन फुल स्क्रीन करा. वरच्या निळ्या पट्टीत सिग्नलच्या दांड्या असतात, त्यावर क्लिक करा. तिथे `UDP is enabled` असं लिहिलेलं दिसलं तर ठीक. नसेल तर बहुतेक वेळा मधली फायरवॉल यूडीपी अडवते, कारण कुणीतरी फक्त टीसीपीचं ३३८९ उघडून ठेवलंय. हे तुम्ही स्वतः बदलू नका, आयटीवाल्यांना सांगा, पण नेमकं सांगा: ऑफिसच्या मशीनवर `Remote Desktop - User Mode (UDP-In)` हा नियम चालू आहे का, आणि व्हीपीएन यूडीपीवर देता येईल का? ओपनव्हीपीएन असेल तर फाइलमध्ये `proto tcp` आहे की `proto udp` हे तुम्हालाही वाचता येतं. ‘नेट स्लो आहे’ अशा तिकिटाला ‘राउटर रीस्टार्ट करा’ हेच उत्तर येतं. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळायची शक्यता जास्त.

उलटंही होतं. काही व्हीपीएनमधून यूडीपी नीट जात नाही, सेशन जोडलं जातं आणि थोड्या वेळाने काळं होतं किंवा गोठतं. तेव्हा आपल्या बाजूला ग्रुप पॉलिसीत `Turn Off UDP On Client` चालू करून बघायचं. यूडीपी नेहमीच चांगलं असं नाही.

आता पुसट अक्षरांकडे. इथे मी एक छोटी चाचणी करायला सांगतो. रिमोट मशीनवर नोटपॅड उघडा, पांढऱ्यावर काळी एक ओळ लिहा. शेजारी एडिटरमध्ये काळ्या थीमवर लाल किंवा निळ्या अक्षरांत तीच ओळ ठेवा. आणि स्क्रोल न करता पाच सेकंद बघत बसा.

आधी पुसट दिसून एक-दोन सेकंदांत स्वच्छ झाली, तर कारण बँडविड्थ. आरडीपी आधी चित्राचा ढोबळ भाग पाठवतो आणि मग त्यात बारकावे भरतो. तिथे ओझं कमी करायचं.

दोन्ही ओळी कायमच्या पुसट असतील तर नेटचा काही संबंध नाही, चित्र ताणलं किंवा दाबलं जातंय. मित्राचा लॅपटॉप १३६६ बाय ७६८ चा, आणि सेशन १९२० बाय १०८० चं, वर `smart sizing` चालू. म्हणजे प्रत्येक गोष्ट ०.७१ पट होते. अक्षराची एक पिक्सेलची उभी रेघ ०.७ पिक्सेलमध्ये बसवायची कशी? ती करडी होऊन दोन पिक्सेलांत पसरते. हे कुठल्याही वेगवान लाइनने सुधारणार नाही. आरडीपीचा फायदा हा की तो तुमच्या पडद्याच्या मापाचं सेशन बनवतो, तेव्हा ते करू द्या. जी साधनं ऑफिसच्या खऱ्या मॉनिटरचं चित्र पाठवतात तिथे मात्र त्या मॉनिटरचंच रिझोल्यूशन बदलावं लागतं.

तिसरी शक्यता: काळी ओळ स्वच्छ, रंगीत ओळीच्याच कडा विरघळलेल्या. हा एच.२६४ व्हिडिओचा गुण. त्यात नेहमी वापरतात तो ४:२:० प्रकार उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतो, पण रंगाची माहिती चार पिक्सेलांत मिळून एक. सिनेमात हे कळत नाही. काळ्यावर लाल असलेल्या एक पिक्सेलच्या रेघेत लगेच कळतं. पार्सेक, मूनलाइट अशा गेमसाठी बनवलेल्या साधनांवर कोड वाचताना हे हमखास दिसतं. आरडीपी १० मध्ये `Prioritize H.264/AVC 444 graphics mode` ही पॉलिसी आहे, ती ऑफिसच्या मशीनवर लावायची असते. पण ४:४:४ ला डेटा जास्त लागतो, त्यामुळे हळू लाइनवर ती लावून तुम्ही पुसटपणा घालवाल आणि अडकणं विकत घ्याल. माझं मत विचाराल तर अशा लाइनवर एडिटरची थीम पांढरी करा, अक्षरं गडद ठेवा. फुकट आहे, आणि लगेच फरक दिसतो.

मित्राच्या `.rdp` फाइलमध्ये शेवटी आम्ही एवढंच बदललं. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडते:

```
smart sizing:i:0
desktopwidth:i:1366
desktopheight:i:768
networkautodetect:i:0
connection type:i:2
disable wallpaper:i:1
disable full window drag:i:1
disable menu anims:i:1
allow font smoothing:i:1
audiomode:i:2
```

यातल्या दोन ओळींबद्दल सांगतो. `connection type` २ म्हणजे कमी वेगाचं ब्रॉडबँड, पण `networkautodetect` शून्य केल्याशिवाय त्याला कुणी विचारत नाही. आणि `allow font smoothing` चालूच ठेवा. ‘हळू नेटवर फॉन्ट स्मूदिंग बंद करा’ असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. त्याने डेटा थोडा वाचतो, पण अक्षरं दातेरी होतात, आणि दिवसभर वाचायचं आपल्यालाच आहे. त्यापेक्षा खिडकी ओढताना तिच्यातला मजकूर दिसणं बंद केलंत तर कितीतरी जास्त वाचतं. रिमोटवरच्या ब्राउझरमध्ये स्मूथ स्क्रोलिंगही बंद करा, कारण एका स्क्रोलमध्ये अख्खा पडदा वीस-तीस वेळा नव्याने काढला जातो.

आणि जिथे हात टेकायचे ती जागा. पुण्याहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरला जोडत असाल, तर सरळ रेषेत अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. जाऊन येऊन सव्वाशे मिलिसेकंद तर प्रकाशालाच लागतात, आणि केबल सरळ रेषेत जात नसल्यामुळे प्रत्यक्षात २०० च्या पुढेच. याला कुठलीही सेटिंग कमी करू शकत नाही. अशा वेळी पडदा आणायचाच नाही. कोड लिहायचं काम असेल तर व्हीएस कोडचं रिमोट एसएसएच वापरा: एडिटर तुमच्या लॅपटॉपवर चालतो, अक्षर लगेच उमटतं, अक्षरं तुमच्याच पडद्याच्या मापाने स्वच्छ असतात, आणि तिकडे जातात फक्त फाइलमधले बदल आणि टर्मिनल. टर्मिनलमधलं टायपिंग तेवढं तरीही उशिरा दिसेल. आरडीपी मग ज्या एखाद्या प्रोग्रामला खिडकी लागतेच त्याच्यापुरताच उघडायचा.