‘एमसीबी पडत नाही ना, मग चालू द्या’

भाड्याच्या घरातून घरमालकाला जाणारे निरोप मी बरीच वर्षं वाचतो आहे. वायरिंगचं काम करणाऱ्याला ते दाखवले जातातच. सैल सॉकेटबद्दलचा निरोप बहुतेक वेळा एका ओळीचा असतो : ‘बेडरूमचा प्लग खराब झालाय, बघून घ्या.’ आणि मालकाचं उत्तरही ठरलेलं, ‘एमसीबी पडतोय का? नाही ना? मग दिवाळीनंतर बघू.’ आज मला बोलायचंय ते या उत्तराबद्दल आणि त्याला पुरून उरेल असं पत्र कसं लिहायचं त्याबद्दल.

मालक खोटं बोलत नसतो. त्याला खरोखरच वाटतं की धोका असता तर एमसीबी पडला असता. पण एमसीबी पडतो तो प्रवाह वाढल्यावर, आणि सैल जोडणीत प्रवाह वाढत नाही. उलट मधे अडथळा आल्याने किंचित कमीच होतो. दारामागच्या पेटीत आरसीसीबी असला तरी तो बघतो गेलेला आणि परत आलेला प्रवाह सारखा आहे की नाही ते. घरांत साधारण ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो उडतो. सॉकेटच्या आत ठिणग्या उडत असतात तेव्हा जेवढा प्रवाह गेला तेवढाच परत येतो. म्हणजे दोन्ही रखवालदार जागे आहेत, पण हा चोर त्यांच्या यादीतच नाही.

आता आत होतं काय? सॉकेटच्या छिद्रामागे पितळी पाती असतात, ती पिनेला दोन्ही बाजूंनी धरतात. वर्षानुवर्षं प्लग काढून-घालून, वायर ओढून, आणि मुख्य म्हणजे तापून, त्या पात्यांचा ताण जातो. मग पीन पूर्ण टेकत नाही, एखाद्या ठिपक्यावर टेकते. समजा त्या ठिपक्याला एक ओहमचा रोध आला. चार्जर ओढतो एक-दोन दशांश अँपिअर, त्याने तिथे काही तापत नाही. पण त्याच सॉकेटवर १००० वॅटची इस्त्री लावलीत तर प्रवाह ४.३ अँपिअरच्या आसपास जातो आणि त्या एका ठिपक्यावर १८-१९ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याचा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो, म्हणजे बघा. दहा किंवा सोळा अँपिअरच्या एमसीबीला हे सव्वाचार अँपिअर दिसतात आणि तो स्वस्थ असतो. म्हणून चार्जर ज्या सॉकेटातून गळतो त्याचा गुन्हेगार बऱ्याचदा चार्जर नसतो, आधीच्या भाडेकरूची इस्त्री असते.

बोरिवलीतलं एक घर घेऊ. जुनी इमारत, दुसरा मजला, मालक राहतात डोंबिवलीत. भाड्याने राहणारा मुलगा चार्जरखाली पुठ्ठ्याची घडी सारून रात्री फोन चार्ज करायचा. पुठ्ठा काढायला लावला आणि मगच पुढचं बोललो. पहिली शंका अशी की दोष चार्जरचा तर नाही? आपल्याकडच्या ६ अँपिअरच्या प्लगची पीन ५ मिलिमीटरची असते, पण बऱ्याच चार्जरांची ४ मिलिमीटरची. बारीक पीन चांगल्या सॉकेटातही थोडी डुलते. म्हणून बोर्डाचा स्विच बंद ठेवून टेबलफॅनचा तीन पिनांचा प्लग घालून बघायला सांगितला. तोही सैल. तोच चार्जर हॉलमधल्या सॉकेटात नीट बसत होता. मग दोष भिंतीतला. दुसरी शंका ठिणगीची. प्लग घालताना होणारी एक बारीकशी चमक ही चार्जरमधला कपॅसिटर भरताना होते, तिला घाबरायचं कारण नाही. इथे मात्र प्लग लावलेला असताना चरचर आवाज येत होता आणि उजव्या, म्हणजे फेजच्या छिद्राभोवती प्लास्टिक तपकिरी झालं होतं. तपकिरी डाग हा पुरावा आहे. त्याचा फोटो काढायचा, जवळून एक आणि अख्खा बोर्ड दिसेल असा एक.

मग त्याने पत्र लिहिलं. ते असं :

‘काका, सप्रेम नमस्कार. आपल्या बोरिवलीच्या फ्लॅटमधील बेडरूमच्या खिडकीजवळच्या बोर्डावरील ६ अँपिअरचे सॉकेट सैल झाले आहे. चार्जरची पीन त्यात टिकत नाही. तीन पिनांचा प्लगही सैल बसतो; हॉलमधील सॉकेटात दोन्ही घट्ट बसतात. प्लग लावलेला असताना आतून चरचर आवाज येतो, ठिणगी दिसते आणि उजव्या छिद्राजवळ प्लास्टिक जळाल्याचा डाग आहे. फोटो सोबत आहेत. जोडणी सैल असली तरी प्रवाह वाढत नाही, त्यामुळे एमसीबी पडलेला नाही. मी आजपासून त्या सर्किटचा एमसीबी बंद ठेवला आहे. बेडरूमचा पंखा आणि दिवाही त्यावरच आहेत. परवाना असलेल्या वायरमनकडून सॉकेट बदलून, मागील स्क्रू आणि वायरची टोके तपासून द्यावीत. शनिवार-रविवारी मी घरी असतो. येत्या रविवारपर्यंत जमणार नसेल, तर मी काम करून घेऊन बिल भाड्यातून वजा करण्यास आपली संमती आहे, असे याच संदेशाला उत्तर म्हणून कळवावे.’

व्हॉट्सॲपवर पाठवलं, ईमेलवरही. उत्तर आलं नसतं तर स्पीड पोस्ट होतंच.

या पत्रातलं माझं आवडतं वाक्य पंखा बंद असल्याचं. सॉकेट वापरणं सोडलं तरी धोका सुटत नाही. बोर्डाच्या मागे फेजची वायर एका स्क्रूवरून दुसऱ्या स्क्रूवर उड्या मारत जाते. सॉकेटाकडे जाणारा स्क्रू ढिला असेल तर पंख्याचा प्रवाहही त्यातूनच जात असू शकतो. आणि काकांना ते वाचून कळतं की आपल्या घरातली एक खोली अंधारात आहे. तेवढ्याने फोन येतो.

शेवटचं वाक्य कायद्यामुळे आलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चं कलम १४ म्हणतं की उलट करार नसेल तर दुरुस्ती घरमालकाने करायची. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळात केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च वजा करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. पण हे भाडेकरूसाठी. आपल्या उपनगरांत आज बहुतेक जण लिव्ह अँड लायसन्सवर राहतात, त्यांनी या कलमाच्या भरवशावर परस्पर पैसे कापू नयेत. त्यांचा आधार म्हणजे करारपत्र. त्यात बहुधा दोन कलमं असतात : मालकाच्या लेखी संमतीशिवाय फेरफार नको, आणि नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून बाकी नुकसान राहणाऱ्याचं. म्हणून संमती लेखी मागायची, आणि पत्रात ‘तुटलं’ न लिहिता काय दिसतं तेच लिहायचं. करार नोंदवलेलाच नसेल तर गंमत उलटी होते : कलम ५५नुसार नोंदणी ही मालकाची जबाबदारी, आणि ती नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं, खोटं ठरेपर्यंत, ग्राह्य धरतात.

काही जण वीज कंपनीला फोन लावतात. अंधेरी-घाटकोपरला अदानी किंवा टाटा असो, इथे मुलुंडला महावितरण असो, मीटरच्या पुढचं वायरिंग त्यांचं नाही. तिकडे तक्रार करून आठवडा जातो, एवढंच.

काकांचा वायरमन आला, वीस मिनिटांत नवं सॉकेट बसवून निघाला. मुलाने त्याला थांबवून जुनी वायर दाखवायला लावली. तांब्याचं टोक काळं पडलेलं, इन्सुलेशन बोटभर कडक झालेलं. ते तसंच नव्या स्क्रूखाली दाबलं असतं तर काही महिन्यांत तोच डाग नव्या प्लास्टिकवर उठला असता. मेन बंद करून वायर चांगल्या तांब्यापर्यंत छाटली, पुन्हा आवळली. बिलावर ‘सॉकेट बदलले, जळालेले टोक कापले’ असं लिहून घेतलं, कारण डिपॉझिट परत घेताना हाच बोर्ड पुन्हा चर्चेत येतो.