साधा रंग नको, मग काय? : चुना, टेक्श्चर आणि स्टेन्सिल

(रौप्यमहोत्सवानिमित्त सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



येत्या दिवाळीआधी इमारत आतून रंगवायची, असा ठराव झालेला आहे. साध्या प्लास्टिक पेंटऐवजी काहीतरी वेगळं करू या, अशी सूचना आली आणि तीन नावं पुढे आली : चुना, टेक्श्चर आणि स्टेन्सिल. आपल्या सुदैवाने हे तिन्ही प्रकार आपल्याच आवारात कुठे ना कुठे लागलेले आहेत आणि काही वर्षं वापरून झालेले आहेत. त्यामुळे शेड कार्ड बघण्यापेक्षा आपण आपल्याच भिंती बघू. मी प्रत्येक भिंतीला एकच प्रश्न विचारणार आहे : ही खराब झाली की दुरुस्त कशी होते?

सुरुवात पंपाच्या खोलीपासून करतो. तिथे साधा सिमेंटचा गिलावा आहे, त्याला कधी रंग लागलेला नाही आणि ओल बारा महिने असते. तिथे आपण दरवर्षी पावसाळा संपला की चुना देतो. कळीचा चुना पिंपातल्या पाण्यात थोडा थोडा सोडायचा. पाणी चुन्यावर ओतायचं नाही, कारण तो उकळून अंगावर उडतो आणि डोळ्यात गेला तर फार वाईट. एक किलोला साधारण पाच लिटर पाणी. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळायचा, थोडा डिंकाचा पाक घालायचा, चिमूटभर नीळ टाकायची. भिंत आधी पाण्याने ओली करायची आणि मग हात द्यायचा.

इथे एक गंमत होते. ओला चुना भिंतीवर जवळजवळ दिसतच नाही. वाळल्यावर पांढरा होतो, आणि पुढचे काही दिवस हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होत जातो. पहिला हात दिल्यावर "साहेब, काही दिसत नाही" म्हणून कामगार चुना दाट करतो. दाट चुन्याचे पुढे पापुद्रे निघतात. म्हणून पातळ चुन्याचेच तीन हात, आणि प्रत्येक हात वाळल्यावरच दुसरा.

चुना झिजतो कसा? पीठ होऊन. हात फिरवला की तळवा पांढरा होतो, खांदा घासला की शर्ट. त्यामुळे जिन्यात तो चालणार नाही. पण पंपाच्या खोलीत त्याच्यासारखा दुसरा नाही, कारण भिंतीतली वाफ त्याच्यातून बाहेर पडते, आत कोंडून फुगे येत नाहीत. गळती मात्र तो थांबवत नाही. पाइप गळत असेल तर आधी प्लंबर. दुरुस्ती सगळ्यात सोपी : खराटा मारा आणि नवा हात द्या. जुना-नवा जोड दिसत नाही.

कोणी म्हणेल, मग पॅसेजमध्येही चुनाच देऊ, दिसतो छान. भिंतीवर पाण्याचा हबका मारून बघा. पाणी शोषलं जाऊन डाग गडद झाला, तर चुना धरेल. थेंब ओघळून खाली आले, तर तिथे आधीचा प्लास्टिक पेंट आहे. त्याच्यावर चुना टिकत नाही, तो सगळा खरवडावा लागेल. आपल्या पॅसेजमध्ये थेंब ओघळतात, मी पाहिलं आहे.

आता लॉबी. लिफ्टसमोरच्या दहा फूट बाय नऊ फूट भिंतीला सहा वर्षांपूर्वी टेक्श्चर केलं. झालं तेव्हा सगळ्यांनी फोटो काढले. टेक्श्चरचा गुण खरा आहे : खालचा गिलावा थोडा वरखाली असला, बारीक केसासारख्या चिरा असल्या, तरी झाकल्या जातात. आता झीज बघा. उंचवट्यांची टोकं आधी घासतात. रंग फक्त वरच्या हाताचा आणि खालचा थर पांढरा, म्हणून सामान आणताना जिथे घासलं जातं तिथे पांढरे ठिपके दिसू लागले. खाचांमध्ये धूळ बसली. ओल्या फडक्याने ती आणखी आत जाते. तिथे कोरडा मऊ ब्रशच लागतो.

खरा प्रश्न आला तो तीन वर्षांपूर्वी, भिंतीमागचा पाइप गळला तेव्हा. वरून काही दिसत नव्हतं. नाण्याने ठोकल्यावर एका जागी पोकळ आवाज आला, तेव्हा कळलं की थर गिलाव्यापासून सुटला आहे. पाइप दुरुस्त झाला, दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा काढून नवा केला. म्हणजे नव्वद चौरस फुटांत फक्त चार चौरस फूट. तरी तो तुकडा आज दारातून दिसतो. रोलर फिरवणारा हात वेगळा, नक्षीची दिशा वेगळी, आणि जुना रंग तोवर उडालेला. नुसता रंग एकसारखा केला तरी नक्षी जुळत नाही. टेक्श्चरला ठिगळ लागत नाही, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत करावी लागते. काढायचं म्हटलं तर गिलावाही बरोबर सुटून येतो. म्हणून जिच्या आत पाइप नाही आणि जिला कोणाचा खांदा लागत नाही, अशा एखाद्याच भिंतीला टेक्श्चर द्यावं.

तिसरा प्रकार बी विंगच्या पहिल्या मजल्यावर आहे. तिथल्या भगिनींनी चार वर्षांपूर्वी धुता येणाऱ्या रंगावर स्टेन्सिलने वेलबुट्टी काढली. जाड प्लास्टिकच्या शीटमध्ये नक्षी कापली, शीट टेपने चिकटवली, ब्रश रंगात बुडवून वर्तमानपत्रावर जवळजवळ कोरडा केला आणि ठोकत ठोकत रंग भरला. ब्रश ओला राहिला की रंग शीटखाली शिरतो आणि पानांच्या कडा फुटतात. दर एक-दोन ठशांनंतर शीट मागून पुसली, हेही महत्त्वाचं.

स्टेन्सिल स्वतः झिजत नाही, खालचा रंग जसा टिकेल तसं ते टिकतं. चुन्यावर काढलं असतं तर चुन्याबरोबर पीठ होऊन गेलं असतं. तिथे चार वर्षांत वळणावरच्या, कमरेच्या उंचीच्या दोनच बुट्ट्या पुसट झाल्या. त्याच शीटने, जुन्या कडांवर शीट बसवून, एका दुपारी त्या पुन्हा भरल्या. कोणत्या दोन, ते आज ओळखून दाखवा! साध्या भिंतीवर नव्या रंगाचा ठिपका लगेच डोळ्यात भरतो, नक्षीमध्ये तो लपतो.

तेव्हा माझी सूचना अशी : पंपाच्या आणि मीटरच्या खोलीला चुना, मीटरच्या खोलीत आधी हबक्याची परीक्षा करून. जिन्याला धुता येणारा रंग आणि त्यावर खांद्याच्या वर स्टेन्सिलची पट्टी. टेक्श्चर फक्त नोटीस बोर्डाच्या भिंतीला, कारण तिच्यात पाइप नाही. आणि सचिवांना एक विनंती. कॉन्ट्रॅक्टर जाण्याआधी शेड नंबर रजिस्टरमध्ये लिहून घ्या, प्रत्येक रंगाचा एक लिटर सीलबंद डबा आणि स्टेन्सिलच्या शीट्स ऑफिसच्या कपाटात ठेवा. बी विंगची शीट आजही एका वहिनींच्या गादीखाली आहे, तीही जमा करून घ्या.