भेट मागणारा मेल
समजा, पहाडगंजमधल्या छोट्या हॉटेलांच्या चादरी धुऊन देण्याचा तुमचा व्यवसाय आहे. गुंतवणूकदाराला ‘प्रचंड मागणी आहे’ असं लिहू नका. असं लिहा: ‘सर, चादरी वेळेवर धुऊन येत नाहीत, म्हणून छोट्या हॉटेलांच्या खोल्या अडून राहतात. सहा महिन्यांत १४ हॉटेलं पैसे देऊन आमच्याकडे आली, ११ टिकली. दुसऱ्या मशीनसाठी २० लाख हवेत. गुरुवारी वीस मिनिटं द्याल का?’

सुटलेली तीन हॉटेलं लपवू नका. ती का गेली, हे भेटीत विचारलं जाणारच.

उत्तर नाही आलं तर? २००८ मध्ये एअरबीएनबीची ओळख सात गुंतवणूकदारांना करून दिली गेली. पाच नकार, दोघांचं मौन. म्हणून आठवड्याने पुन्हा लिहा, पण नवा आकडा घेऊनच.