राहायला जाण्याआधीच विजेचं बिल

पुण्यातल्या नव्या फ्लॅटचं बिल किती येईल? साधनावरचे वॉट गुणिले रोजचे तास, भागिले हजार, की रोजचे युनिट मिळतात.

७५ वॉटचे ३ पंखे रोज १० तास चालले, तर महिन्याला साधारण ६८ युनिट होतात. २ हजार वॉटचा गिझर रोज अर्धा तास म्हणजे ३० युनिट. दिवे, टीव्ही वगैरेंचे ३० धरू.

फ्रिज आणि एसीला मात्र हा हिशेब लावू नये. त्यांचा कॉम्प्रेसर सतत पूर्ण जोमानं चालत नाही, त्यामुळे आकडा भलताच फुगतो. त्यांच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. फ्रिजचे २४० असतील, तर महिन्याला २०. एसीचा आकडा १६०० तासांचा असतो. ८०० युनिट लिहिले असतील, तर तासाला अर्धा. रोज ६ तास लावला की ९०. मे महिन्यात थोडे जास्तच धरलेले बरे.

एकूण झाले २३८ युनिट. महावितरणच्या टप्प्यांप्रमाणे पहिले १०० युनिट स्वस्त, पुढच्या १३८ युनिटांना वाढीव दर. त्यावर स्थिर आकार, वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. चालू दर शेजाऱ्याच्या ताज्या बिलावर पाहावेत.