मोडलेला भरवसा



नवऱ्याचे बाहेर संबंध होते हे कळले, की तो म्हणतो, "झालं गेलं विसरून जा." बायको म्हणते, "कसं विसरू?" आम्ही म्हणतो, तिला घाई करू नका.

समजा, ती दुसरी बाई त्याच्याच कारखान्यात आहे. मग आधी ते संबंध पुरते तोडावेत, पाळी बदलून घ्यावी. बायको विचारील त्याचे खरे उत्तर द्यावे. थोडे आज, थोडे महिन्याने सांगितले, तर जखम दर वेळी नवी होते. सांगितलेल्या वेळेला घरी यावे. उशीर होणार असेल तर आधी फोन करावा.

समुपदेशकाचा उपयोग होतो का? बऱ्याच जोडप्यांना होतो. तो निवाडा देत नाही. दोघांना एकमेकांचे पुरते ऐकायला लावतो. पण संबंध चोरून चालूच असतील, तर त्या बैठका फुकट जातात. घरात मारहाण असेल, तर एकत्र बसू नये. आधी बाईचा जीव सांभाळावा.

किती दिवस लागतात? पहिले काही महिने झोप नसते, तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. भरवसा बसायला बहुधा दोन वर्षे लागतात, कधी जास्तही. मधेच, कळले ती तारीख आली की, रडू फुटते. म्हणून सगळे फुकट गेले असे नाही. पण वर्षानंतरही नवे खोटे सापडत असेल, तर भरवसा बसणार कसा? मग वेगळे व्हायचे का, हे तिने ठरवावे.

चुकली ती बायको असेल, तरी रीत हीच.