रद्द मागणी आणि पूर्तीचे प्रमाण

घाऊक ग्रंथभांडारात जून महिना हा शाळा उघडण्याचा आणि म्हणून तारांबळीचा महिना. समजा, अशा एका भांडाराकडे जूनमध्ये एका शब्दकोशाच्या १,००० प्रतींची मागणी नोंदवली गेली. कोठीत प्रती होत्या ७००. त्या लगेच रवाना झाल्या आणि साठा संपला. उरलेल्या ३०० प्रतींची मागणी ‘बाकी’ म्हणून नोंदवून ठेवण्यात आली. जुलैमध्ये नवे मुद्रण हाती आल्यावर त्यांपैकी १८० प्रती पाठवल्या गेल्या. ९० प्रती वाट पाहून कंटाळलेल्या ग्राहकांनी रद्द केल्या. राहिलेल्या ३० प्रतींची मागणी एका ग्रंथालयाने चुकून दोनदा पाठवली होती, तीही रद्द झाली.

जूनची विक्री किती? विक्री ७०० प्रतींचीच. बाकी मागणीपोटी ग्राहकांनी आगाऊ पैसे भरले असले, तरी ती रक्कम भांडाराचे उत्पन्न नसून देणे आहे. भारताच्या १९३० च्या मालविक्री अधिनियमाचे १८ वे कलम याविषयी स्पष्ट आहे : माल निश्चित होईपर्यंत त्याची मालकी खरेदीदाराकडे जात नाही. जी प्रत अद्याप छापलीच गेलेली नाही, ती निश्चित कशी होणार? त्या १८० प्रती जुलैच्या विक्रीत धराव्या लागतील, आणि रद्द झालेल्या १२० प्रती विक्रीत कधीच येणार नाहीत. इथवर हिशेब सरळ आहे.

घोटाळा होतो तो पूर्तीच्या प्रमाणात. विक्रीतून रद्द मागण्या वगळण्याची सवय जडलेला कारकून त्या येथेही वगळतो. १,००० मधून १२० गेल्या, राहिल्या ८८०. जून-जुलै मिळून पाठवलेल्या प्रतीही ८८०. प्रमाण शंभर टक्के! ज्या भांडारात महिनाभर शब्दकोशाचे फडताळ रिकामे होते, त्याची कागदावरील कामगिरी निर्दोष ठरते. ग्राहक जितके अधिक कंटाळून जातील, तितका हा आकडा सुधारत जातो, हे त्यातील वैगुण्य होय.

योग्य रीत अशी की, रद्द होण्याचे कारण पाहावे. दुबार आलेल्या ३० प्रतींची गरज कोणालाच नव्हती. त्या छेदातून काढाव्यात. तुटवड्यामुळे रद्द झालेल्या ९० मात्र छेदात राहिल्याच पाहिजेत. म्हणजे खरी मागणी ९७०. त्यांपैकी पहिल्या खेपेस पुरवल्या ७००, म्हणजे सुमारे ७२ टक्के. उशिरा का होईना, अखेरीस पुरवल्या ८८०, म्हणजे सुमारे ९१ टक्के. हे दोन्ही आकडे वेगवेगळे सांगावेत. पहिला साठ्याची स्थिती दाखवतो, दुसरा ग्राहकाने किती धीर धरला ते.

दुसरी चूक जुलैमध्ये घडते. जुलैत नवी मागणी ४०० प्रतींची आली आणि तिच्यापैकी ३८० तत्काळ गेल्या, असे धरू. त्यांत जूनच्या १८० मिळवून, ५६० भागिले ४०० असे केले तर प्रमाण १४० टक्के येते. शंभराच्या वर गेलेला आकडा दिसला की जुनी बाकी नव्या महिन्यात मिसळली आहे, असे खुशाल समजावे. जुलैचे प्रमाण ९५ टक्केच आहे. प्रत्येक मागणी ज्या महिन्यात नोंदवली गेली त्याच महिन्याच्या खात्यात तिची पूर्ती मोजावी, विक्री मात्र रवानगीच्या महिन्यात.

कारण नोंदवायचे ते रद्द होण्याच्या दिवशीच. महिनाअखेरीस आठवून लिहिलेली कारणे बहुधा भांडाराच्या सोयीची असतात. ‘विचार बदलला’ असे ग्राहक सौजन्यानेही म्हणतो. म्हणून कबूल केलेली तारीख उलटल्यावर रद्द झालेली प्रत्येक मागणी, उलट पुरावा नसल्यास, तुटवड्याच्या खाती टाकावी. याहून चलाख प्रकारही आढळतो : जुनी बाकी रद्द दाखवून तीच आजच्या तारखेने नव्याने लिहिणे. तोच ग्राहक, तेच पुस्तक, तितक्याच प्रती आणि दोन-चार दिवसांचे अंतर, अशा जोड्या वहीत शोधल्या की तो उघडा पडतो. याउलट तुटवड्याच्या काळात काही विक्रेते तीन भांडारांकडे एकच मागणी पाठवतात आणि पहिला माल मिळताच उरलेल्या दोन रद्द करतात. तेथे मागणी खरीहून फुगलेली दिसते.

पुढील जूनसाठी किती प्रती ठेवायच्या, हे ठरवताना गेल्या जूनची विक्री, म्हणजे ७००, हाती धरली तर तितक्याच मागणीला पुन्हा २७० प्रती कमी पडतील. आधार ९७० चा घ्यावा लागतो. तोही अपुराच, कारण रिकामे फडताळ पाहून मागणी न नोंदवताच परतलेला ग्राहक कोणत्याच वहीत नसतो. त्यासाठी विक्रीच्या मेजावर एक साधी वही ठेवून विचारणा झालेली, पण नसलेली पुस्तके तारखेसह टिपावी लागतात, आणि साठा शून्य असलेले दिवस वेगळे मोजावे लागतात.