प्रयोगशाळेची साठा नोंदवही व फुटतुटीची नोंद



विज्ञान-साहित्याच्या नोंदवहीत शिल्लक लिहिलेली असते. परंतु कपाटातील बाटलीत तेवढे रसायन खरोखरच आहे काय, हे क्वचितच पाहिले जाते. त्यासाठी बाटली रिकामी करण्याचे कारण नाही. नवी बाटली शाळेत येताच ती बुचासह तोलावी आणि ते एकूण वजन बाटलीवरील चिठ्ठीवर व नोंदवहीत लिहावे. पुढे केव्हाही बाटली तोलताच शिल्लक कळते.

समजा, मोरचुदाची 500 ग्रॅमची बाटली 740 ग्रॅम भरली. नंतर स्फटिक तयार करण्यास 50 ग्रॅम, लोखंडी खिळ्यावर तांबे चढविण्यास 20 ग्रॅम आणि तापवून पांढरे झालेले दाखविण्यास 10 ग्रॅम दिले. शिल्लक 420 ग्रॅम. म्हणजे बाटली 660 भरावयास हवी. ती 635 भरली, तर 25 ग्रॅमची तूट आहे. पाठ-टाचण पाहता दुसऱ्या तुकडीसाठी स्फटिकाचा प्रयोग पुन्हा झाला, पण नोंद राहिली, असे आढळेल. अशा वेळी जुना आकडा खोडू नये. तपासणीच्या तारखेस नवी ओळ लिहून तुटीचे कारण नमूद करावे व मुख्याध्यापकांची स्वाक्षरी घ्यावी. मात्र तराजू 5 ग्रॅमपर्यंतच अचूक असेल, तर तेवढा फरक तूट समजू नये.

कॉस्टिक सोड्याचे वजन नोंदीपेक्षा अधिक भरले, तर ती बचत नव्हे. बूच सैल राहिल्याने त्याने हवेतील ओलावा शोषला आहे, आणि त्याचे द्रावण अपेक्षेहून सौम्य होईल. उलट स्पिरिट नोंदीपेक्षा कमी भरले, तर वापराची नोंद राहिली किंवा बुचातून ते उडून गेले, हे दोन्ही पाहावे.

फुटतुटीच्या नोंदीत तारीख, वस्तू व संख्या यांबरोबर 'कोणते काम चालू असता फुटली' हा रकाना अवश्य ठेवावा. वर्षात आठ परीक्षानळ्या फुटल्या, एवढ्यावरून काही उमगत नाही. त्यांतील पाच तापविताना फुटल्या, असे दिसले की कारण सापडते: नळी बाहेरून ओली होती, किंवा ज्योत द्रवाच्या पातळीवरील कोरड्या काचेस लागली. नळी पुसून, तिरपी धरून व हलवीत तापविण्याचा पाठ वर्गास पुन्हा द्यावयास हवा, हे ती नोंद सांगते.

फुटलेल्या काचा मुख्याध्यापकांनी पाहीपर्यंत डब्यात ठेवाव्यात. सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून ती संख्या साठ्यातून वजा करू नये. प्रत्येक फुटीची भरपाई मुलाकडून घेतली, तर मुले तुकडे लपवितात. मग नळी साठ्यातून नाहीशी होते, पण ती का फुटली, हे नोंदवहीत कधीच येत नाही.